फोटोतला मागचा फळा

(व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

ऑक्टोबर 2003. अमेरिकेतल्या रेडमंड इथल्या मायक्रोसॉफ्टच्या आवारात, छपाई विभागात कंत्राटी कामावर असलेला एक तरुण कामावर येताना ट्रकमधून उतरवली जाणारी खोकी बघतो. त्या खोक्यांत ॲपलचे नवे जी-5 संगणक असतात. प्रतिस्पर्धी कंपनीचे संगणक मायक्रोसॉफ्टच्या दारात, ही गंमत त्याला वाटते आणि तो फोटो काढतो. फोटो काढताना तो इमारतीकडे पाठ करून उभा राहतो. ट्रक आणि खोक्यांपलीकडे काही दिसू नये एवढी काळजी त्याने घेतलेली असते. हा फोटो तो आपल्या ब्लॉगवर टाकतो आणि काही दिवसांत त्याचे काम जाते.

कंपनीने बोट ठेवले ते मुख्यतः फोटोखालच्या मजकुरावर. आपण काम करतो ती इमारत कोणती आणि माल उतरवून घेण्याची जागा तिथेच आहे, हे त्याने ओघात लिहून टाकले होते. सुरक्षा विभागाच्या नजरेत तो नियमभंग होता. मजकूर काढून टाकायची तयारी त्याने दाखवली, पण तिचा उपयोग झाला नाही.

या घटनेला दोन दशके उलटली. आज आपले काम लोकांपुढे मांडणे हा नोकरीचाच भाग झाला आहे. लिंक्डइनवर काही न टाकणारा इंजिनिअर भरती करणाऱ्यांना दिसत नाही. डिझायनरला कामाचे नमुने दाखवल्याशिवाय पुढचे काम मिळत नाही. लहान गावातून आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलामुलींना तर स्वतःच्या कामाविषयी लिहिणे हाच पुढे जाण्याचा एक प्रामाणिक रस्ता आहे. त्यामुळे ‘नोकरी करायची तर गप्प बसा’ हा सल्ला प्रस्तुत वक्त्याला अन्याय्य वाटतो. नेमके किती सांगता येते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सर्वसाधारण उपदेशात सापडत नाही. एखादी पोस्ट हातात घेऊन ती ओळीओळीने तपासली की ते सापडते.

म्हणून एक पोस्ट घेऊ. ती कल्पित आहे, पण चाकण, भोसरी, वाळूज इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये एक तरुण प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. तिने आणि तिच्या टीमने डाय बदलायला लागणारा वेळ कमी केला. ती लिहिते: ‘सहा महिन्यांच्या मेहनतीनंतर आमच्या टीमने 400 टनी प्रेसवर डाय बदलण्याचा वेळ 48 मिनिटांवरून 17 मिनिटांवर आणला! अमुक कंपनीच्या येऊ घातलेल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या ब्रॅकेटसाठी आता दुसरी शिफ्ट लावावी लागणार नाही. आम्हीच डिझाइन केलेला क्लॅम्प खालच्या फोटोत बघा.’ अमुकच्या जागी तिने ग्राहक कंपनीचे खरे नाव घातले आहे. पोस्टसोबत फोटो आहे. त्यात टीममधले चौघे हसत उभे आहेत, मागे प्रेस आहे आणि भिंतीवर फळा आहे.

पोस्टमध्ये खोटे काही नाही आणि कुणाची निंदाही नाही. तरीही तिच्यात चार वेगवेगळ्या लोकांची माहिती एकत्र आली आहे.

आधी जे निखालस तिचे आहे ते बघू. डाय बदलण्याचा वेळ कमी करण्याची पद्धत जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मांडली आणि ती आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. प्रेस थांबल्यावरच करता येणारी कामे वेगळी काढायची, प्रेस चालू असताना करता येणारी वेगळी काढायची आणि जमेल तितकी कामे पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत न्यायची. पुढचा डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायचा, बोल्टऐवजी झटपट बसणारे क्लॅम्प वापरायचे, शट हाइट दर वेळी जुळवावी लागू नये म्हणून डायची उंची एकसारखी करायची. हे तत्त्व, ते वापरण्याची तिची हातोटी, ऑपरेटरना सोबत घेण्यासाठी तिने केलेली धडपड आणि पहिल्या महिन्यात काय फसले, हे सगळे ती मोकळेपणाने लिहू शकते. कौशल्य माणसासोबत जाते. एक नोकरी सोडून दुसरीकडे जाताना ते कंपनीच्या दारात काढून ठेवता येत नाही आणि कायदाही तशी अपेक्षा करत नाही.

आता आकड्यांकडे वळू. 48 वरून 17 म्हणजे दर बदलामागे 31 मिनिटे वाचली. दिवसात चार वेळा डाय बदलत असेल तर दोन तासांहून जास्त वेळ प्रेस मोकळी झाली. हा हिशेब ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस चहा संपायच्या आत करतो. सुट्या भागाच्या दरात सेटिंगचा खर्च धरलेला असतो आणि वाहन कंपन्या पुरवठादारांकडे दर वर्षी दरकपात मागतात. पुढच्या बैठकीत ही पोस्ट टेबलावर येऊ शकते: तुमचा वेळ वाचला, आता आमचा दर कमी करा. इंजिनिअरने गौरवाने लिहिलेला आकडा तिच्याच मार्केटिंगच्या सहकाऱ्याला अडचणीत आणतो. ‘सेटिंगचा वेळ जवळपास दोन तृतीयांशाने कमी केला’ असे लिहिले असते तर तिचे कर्तृत्व तितकेच दिसले असते आणि प्रेसची क्षमता व मूळ मिनिटे झाकली गेली असती. टक्केवारीही काही कंपन्यांना चालत नाही, म्हणून ती विचारूनच घालावी. पण विचारायला गेल्यावर टक्केवारीला होकार मिळण्याची शक्यता मिनिटांपेक्षा जास्त असते.

दुसरे वाक्य सगळ्यांत धोक्याचे आहे आणि नेमके तेच सर्वांत निरागसपणे लिहिलेले आहे. येऊ घातलेले मॉडेल ही ग्राहकाची गुपित गोष्ट. वाहन कंपन्या पुरवठादारांशी गोपनीयतेचा करार करतात आणि लेखी परवानगीशिवाय आमचे नाव प्रसिद्धीसाठी वापरू नका, असे कलम त्यात सहसा असते. या करारावर सही पुरवठादार कंपनीची असते. त्यामुळे पोस्ट इंजिनिअरने टाकली तरी करार मोडल्याचा ठपका कारखान्यावर येतो. ‘माझ्या कंपनीने मला कधी सांगितलेच नाही’ हे तिचे म्हणणे खरे असू शकते, पण त्याने ग्राहकाचे समाधान होत नाही. शिवाय त्याच वाक्यात दुसरी शिफ्ट लागणार नाही असे जाहीर झाले आहे. त्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना आपल्या कामाचे भवितव्य मोबाइलवर, कुणीतरी पुढे पाठवलेल्या पोस्टमधून कळले, तर त्यांच्या मनात काय येईल? अनावधानाने केलेल्या या जखमेचा उल्लेख गोपनीयतेच्या कुठल्याही नियमपुस्तकात नसतो. वक्त्याला ती करारभंगाइतकीच गंभीर वाटते.

तिसरे वाक्य पेटंटच्या प्रदेशात जाते. क्लॅम्प खरोखर नवा असेल तर कंपनीला त्याचे पेटंट घ्यावेसे वाटू शकते. पेटंटसाठी शोध अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कुठेही प्रसिद्ध झालेला नसावा लागतो. भारतीय पेटंट कायदा, 1970 मध्ये बारा महिन्यांची एक सवलत आहे. पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. लिंक्डइनवरचा फोटो त्यात बसत नाही. फोटोवरून जाणकाराला क्लॅम्पची रचना कळत असेल, तर नवेपणा त्या दिवशी संपू शकतो. यातून सुटायला एक अरुंद वाट आहे. माहिती आमच्याकडूनच मिळवली आणि आमच्या संमतीविना प्रसिद्ध केली, हे कंपनीला सिद्ध करता आले आणि तिने समजताच लवकरात लवकर अर्ज केला, तर पेटंट वाचू शकते. याचा अर्थ असा की, पेटंट वाचवण्यासाठी कंपनीला आपल्याच गुणी इंजिनिअरविरुद्ध कागद तयार करावा लागतो. कौतुकाने टाकलेल्या फोटोचा शेवट खुलासा मागणाऱ्या पत्रात होतो तो असा. अर्ज दाखल झाल्यानंतर टाकलेला तोच फोटो निदान पेटंटच्या बाजूने अडचण आणत नाही, म्हणून अशा वेळी विचारायचा प्रश्न साधा असतो: अर्ज गेला का?

राहिला फोटो. शब्द माणूस निवडून लिहितो, पण फोटोत समोरचे सगळे येते. प्रेस शॉपच्या भिंतीवरच्या फळ्यावर तासातासाचे उत्पादन, रिजेक्शन आणि बंद पडलेली मिनिटे लिहिलेली असतात. शेजारच्या बिनवर पार्ट नंबर आणि ग्राहकाचे बोधचिन्ह असलेले लेबल असते. कुणाच्या तरी गळ्यात ओळखपत्र असते आणि त्यावरचा बारकोड चक्क वाचता येतो.

नोव्हेंबर 2012 मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांची हवाई दलातल्या कामावरची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या तळावर ते शोध आणि बचाव पथकाचे वैमानिक होते आणि त्यांचा कामाचा दिवस लोकांना दाखवणे एवढाच हेतू होता. छायाचित्रांत मागे संरक्षण खात्याच्या संगणकप्रणालीची वापरकर्तानावे आणि पासवर्ड दिसत होते. छायाचित्रे बदलावी लागली, पासवर्डही बदलावे लागले. तिथे तर प्रसिद्धीचे काम पाहणारी माणसे होती. प्रेस शॉपमधल्या चौघांमध्ये तसे कुणी नसते.

2017 सालचे आणखी एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. ॲपलने 12 सप्टेंबरला आयफोन टेन जाहीर केला आणि त्याची विक्री 3 नोव्हेंबरला सुरू व्हायची होती. मधल्या काळात कंपनीतल्या एका इंजिनिअरची मुलगी त्याला भेटायला आवारात गेली. तिने तिथल्या उपाहारगृहात वडिलांच्या हातातल्या नव्या फोनचे चित्रण केले आणि ते यूट्यूबवर टाकले. फोन जाहीर झालेलाच होता, त्यामुळे त्यात गुपित उरले नाही असे कुणालाही वाटेल. पण तो कर्मचाऱ्याला दिलेला खास फोन होता. त्यात कर्मचाऱ्यांसाठीचे क्यूआर कोड होते आणि अजून बाजारात न आलेल्या उत्पादनांची सांकेतिक नावे लिहिलेली टिपणे होती. आवारात चित्रणाला मनाईही होती. कंपनीने सांगताच मुलीने व्हिडिओ काढला, पण तोवर त्याच्या प्रती पसरल्या होत्या. वडिलांची नोकरी गेली. एक गोष्ट जाहीर झाली म्हणून तिच्या आजूबाजूचे सगळे जाहीर होत नाही, हे या प्रसंगात फार कडवटपणे दिसते.

फोटो तपासायची रीत सोपी आहे. फोटो पूर्ण मोठा करून आधी चारही कोपरे बघावेत, मग भिंती, मग स्क्रीन, मग माणसांच्या छातीवरची आणि खोक्यांवरची लेबले. माणसांचे चेहरे सर्वांत शेवटी, कारण डोळा आपोआप तिथेच अडकतो. नको असलेला भाग धूसर करण्यापेक्षा तो फोटोत येणारच नाही असा फोटो पुन्हा काढणे बरे. मोबाइलमधल्या हायलायटरने मजकुरावर काळी रेघ मारणे फसवे असते. ती रेघ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते आणि उजेड वाढवला की खालची अक्षरे वर येतात. कापलेल्या फोटोवरही डोळे झाकून विश्वास नको. मार्च 2023 मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या फोटो संपादनातला एक दोष उघड झाला. कापून टाकलेला भाग त्या फाइलमध्ये उरत होता आणि जाणकारांना तो काही अंशी परत मिळवता येत होता. कोऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो रुक्ष दिसतो खरा, पण त्यात कापायला काही नसते.

विक्री आणि वित्त विभागातल्या लोकांसाठी एक वेगळी अट आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ‘आज फार मोठी ऑर्डर मिळाली’ ही आनंदाची ओळही महागात पडू शकते. सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार, भावावर परिणाम करू शकणारी अप्रसिद्ध माहिती आवश्यक कामाशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. नेहमीच्या व्यवहाराबाहेरच्या मोठ्या ऑर्डरी आणि करार त्या माहितीत मोडतात, असे 2025 मध्ये नियमांतच स्पष्ट झाले. इथे निकष मात्र सुटसुटीत आहे. कंपनीची घोषणा एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आली आहे का ते बघायचे, आणि आली असेल तर तिच्यात जे लिहिले आहे त्यापुढे एक शब्दही जायचा नाही.

खात्यावर ‘मते वैयक्तिक आहेत’ असे लिहून ठेवले की आपण मोकळे, असा समज सर्रास आढळतो. ही ओळ मतांपुरती असते. माहितीला वैयक्तिक आणि अधिकृत असे दोन रंग नसतात. ग्राहकाच्या मॉडेलचे नाव खासगी खात्यावरून गेले तरी ते गेलेच. फक्त मित्रांना दिसणाऱ्या पोस्टचेही तेच, कारण मित्रांपैकी कुणाची तरी वहिनी स्पर्धक कंपनीत असते. नोकरी सोडल्यानेही बंधन संपत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे, नोकरी संपल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये असे बंधन सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती न फोडण्याचे बंधन मात्र टिकू शकते. म्हणून राजीनाम्याच्या दिवशी टाकलेली लांबलचक कृतज्ञतेची पोस्टही त्याच चाळणीतून जायला हवी.

आता त्या इंजिनिअरकडे परत जाऊ. सुधारलेली पोस्ट अशी होऊ शकते: ‘प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला लागणारा वेळ आमच्या टीमने जवळपास दोन तृतीयांशाने कमी केला. सर्वांत जास्त फरक पडला तो प्रेस चालू असतानाच पुढच्या डायची तयारी करण्याने. पहिले दोन प्रयोग फसले, कारण आम्ही ऑपरेटरना उशिरा विचारले. तिसऱ्या वेळी कामांची यादीच त्यांच्याकडून करून घेतली.’ ही पोस्ट आधीच्या पोस्टपेक्षा चांगली आहे. भरती करणाऱ्याला ग्राहकाच्या गाडीत फारसा रस नसतो. ही व्यक्ती विचार कसा करते, हे त्याला हवे असते. पहिल्या पोस्टमध्ये ते कुठेच नव्हते. दुसऱ्या पोस्टमधला जवळपास प्रत्येक शब्द त्याबद्दल आहे.

तरीही ती परवानगीशिवाय टाकू नये. ‘साहेबांना सांगितलं होतं’ ही परवानगी नव्हे, आणि साहेबांनी पोस्टवर अंगठा दाबला तर तीही नव्हे. अंतिम मजकूर आणि नेमका तोच फोटो ईमेलने पाठवावा, कुठे आणि कधी टाकणार ते लिहावे, आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. होकार त्या मजकुराला असतो. नंतर खालच्या प्रतिक्रियांत कुणी जुना मित्र विचारतो, ‘भारी! क्लॅम्प कुठल्या व्हेंडरकडून करून घेतला? कुठल्या मॉडेलसाठी?’ आणि इंजिनिअर आनंदाच्या भरात उत्तर देते. पोस्टमधून गाळलेली नावे अशा उत्तरांतून बाहेर जातात.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी महाराष्ट्रात ही चौकट आता लेखी आहे. सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 रोजी समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. तो स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे आणि महामंडळे यांच्या कर्मचाऱ्यांना, तसेच कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवायचे नाहीत. वैयक्तिक खात्यावरच्या फोटोत आणि रीलमध्ये पदनाम, गणवेश, सरकारी गाडी किंवा इमारत वापरायची नाही. योजना यशस्वी करण्यासाठी केलेल्या कामाबद्दल लिहायला मुभा आहे, पण त्यातून स्वतःची स्तुती होऊ नये अशी अट आहे. गोपनीय कागदांचा नियम रास्त आहे. गणवेश आणि गाडीचाही समजण्यासारखा आहे, कारण त्यातून लोकांना पदाचा अधिकार दिसतो. स्वस्तुतीची अट मात्र धूसर आहे. दुर्गम पाड्यावर लसीकरण पूर्ण केलेल्या आरोग्यसेविकेने ‘आम्ही हे केले’ असे लिहिले, तर माहिती कुठे संपली आणि स्तुती कुठे सुरू झाली, हे कोण ठरवणार? अशा अटीचा अर्थ प्रत्यक्षात वरिष्ठाच्या मर्जीवर ठरतो, आणि मर्जीला घाबरून माणूस लिहिणेच सोडतो.

खासगी कंपन्यांची नियमपुस्तके याहून धूसर असतात. ‘कंपनीविषयी कोणतीही माहिती प्रसिद्ध करू नये’ हे वाक्य लिहायला सोपे आणि पाळायला अशक्य आहे, कारण स्वतःचे पदनाम लिहिणारा प्रत्येक कर्मचारी ते मोडतो. मग नियम कागदावर राहतो आणि नको असलेल्या माणसाला काढायचे ठरले की बाहेर येतो. अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कामगारांना पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल एकमेकांशी बोलण्याचा हक्क 1935 च्या कामगार संबंध कायद्याने दिला आहे. अतिव्यापक गोपनीयता-नियम त्या हक्काच्या आड येतात का, हे तिथले कामगार संबंध मंडळ तपासते. आपल्याकडे इतकी नेमकी ढाल नाही. त्यामुळे नियम नेमका लिहिण्याची जबाबदारी मालकावर जास्त येते.

हे करता येते. आयबीएमने 2005 मध्ये ब्लॉग लिहिण्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे केली, ती कर्मचाऱ्यांनाच एकत्र लिहायला दिली. स्वतःच्या नावाने लिहा, आयबीएमचे आहात हे लपवू नका, ग्राहक आणि भागीदार यांचे नाव संमतीशिवाय घेऊ नका, असे त्यांचे स्वरूप होते. लिहिणाऱ्याला हवे असते ते हेच.

चाकणच्या कारखान्याला याहूनही थोडक्यात भागवता येईल. कोणत्या ग्राहकांचे नाव घ्यायला त्यांनी लेखी होकार दिला आहे त्यांची यादी, बाजारात आलेल्या मॉडेलांची यादी, पेटंटचा अर्ज गेलेल्या गोष्टींची यादी, असा एक पानाचा कागद एचआरने दर तिमाहीला लावावा. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवणाऱ्या कारखान्यांनी आत एखादी भिंत फोटोसाठी मोकळी ठेवावी, जिथे फळा नाही, बिन नाही आणि स्क्रीन नाही. मंजुरीसाठी आलेल्या ईमेलला किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि ते कोणी द्यायचे, हेही त्या कागदावर असावे. नकार द्यायचा असेल तर कोणते वाक्य अडते तेवढे कळवावे, म्हणजे इंजिनिअरला ते वाक्य काढून बाकीची पोस्ट त्याच आठवड्यात टाकता येईल.